शंभरचे पंचाऐंशी

मुलीला पहिली फिट आली तेव्हा ती चार वर्षांची होती. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत ती कपडे वाळत घालायच्या चिमट्यांशी खेळत बसली होती. मला वाटलं चिमटा उचलायला वाकली. ती वाकली नव्हती, पडली होती. वर्षभरात अशी वेळ आली की ती दिवसातून कितीदा पडते हे मोजणं आम्ही सोडून दिलं. मान एकदम खाली जायची, हातातली वस्तू निसटायची आणि ती असेल तिथे कोसळायची. हनुवटीला टाके, भुवईला टाके. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, दोन-दोन, तीन-तीन एकत्र दिल्या. गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची आणि पेंगता पेंगताच पडायची.

मग डॉक्टरांनी त्या आहाराचं सांगितलं. साखर नाही, भात नाही, पोळी-भाकरी नाही. जवळजवळ सगळं अन्न तेला-तुपाचं, त्यासोबत मोजकं पनीर, मोजकं अंडं, मोजकी भाजी. शरीराला साखरेऐवजी चरबी जाळायची सवय लागली की काही मुलांच्या फिट कमी होतात, असं ते म्हणाले. "काही मुलांच्या," हे त्यांनी दोनदा सांगितलं. आम्ही दोघांनी ते दोन्ही वेळा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हॉस्पिटलात आहाराचं बघणाऱ्या एक मॅडम होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मला शिकवलं. चरबीचं वजन आणि बाकी पोषक भागाचं, म्हणजे प्रथिनं आणि पिष्टाचं, वजन यांचं ठरावीक प्रमाण राहिलं पाहिजे. आमच्या मुलीसाठी ते तीनास एक होतं. "अंदाजपंचे चालणार नाही ताई," त्या म्हणाल्या. "चमचा, वाटी, मूठ विसरून जा. घन पदार्थ काट्यावर, ग्रॅममध्ये. तेल औषधाच्या सिरिंजने, मिलिलिटरमध्ये."

आम्ही बाजारातून एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. पांढरा, वर काचेची चकती, पुढे हिरवट आकडे. त्या दिवसापासून माझं स्वयंपाकघर म्हणजे तो काटा झाला. आधी रिकामी वाटी ठेवायची, बटण दाबून शून्य करायचं, मग पनीर टाकायचं. चाळीस म्हणजे चाळीस. एकेचाळीस आलं तर सुरीच्या टोकाने कण काढायचा. लोणी, मलई, फुलकोबीचे तुरे, अंड्याचा बलक, सगळं तसंच. खोबरेल तेल सिरिंजमध्ये ओढून त्यावर ओतायचं. प्रत्येक वस्तू मी तीनदा तोलत असे. उचलायची, शून्य बघायचं, पुन्हा ठेवायची. तिन्ही वेळा तोच आकडा आला की मला बरं वाटायचं. माझ्या आयुष्यात तेव्हा दुसरं काहीच असं नव्हतं की जे तीनदा विचारलं तर तीनदा तेच उत्तर देईल.

आणि फिट कमी झाल्या. खरंच झाल्या. पहिल्या महिन्यात निम्म्यावर आल्या, मग आठवड्यातून एखाद-दुसरी. लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या जांभळ्या झाल्या म्हणजे शरीर चरबी जाळतंय असं समजायचं. आमच्या पट्ट्या गडद जांभळ्या यायच्या. मॅडमसुद्धा म्हणाल्या, तीनास एकवर इतका गडद रंग त्यांनी फारसा बघितला नव्हता. मला ते कौतुक वाटलं. मिस्टरांनी ऑफिसात पेढे वाटले आणि घरी येऊन हळूच सांगितलं, पोरीसमोर कशाला, म्हणून. त्या दिवसांत ती पहिल्यांदा जिना स्वतः उतरली. मी दोन पायऱ्या पुढे, उलटी, हात पसरून. पण ती स्वतः उतरली.

सासूबाई तेव्हा नातेपुत्याहून आल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. त्यांना हा आहार पहिल्यापासून पटला नव्हता. त्या ताटलीकडे बघायच्या, मग नातीकडे.

"अगं, एवढंच व्हय? एवढ्यानं चिमणीचं तरी पोट भरंल का?"

"आत्या, तेल आहे त्यात. तेलात ताकद असते."

"ताकद दिसती की. मनगाट बघ पोरीचं. लई वाळलीय."

तेलामुळे भूक मरते असं मला सांगितलेलं होतं, पण आमची मुलगी जेवण संपल्यावर ताटली चाटायची. रबरी चमच्याने शेवटचा तेलाचा थेंब पुसून द्यायचा असतोच, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग एकदा ती आत्यांच्या पिशवीत हात घालून बसलेली सापडली. पिशवीत खायचं काहीच नव्हतं. ती आत्यांची तपकिरीची डबी हुंगत होती.

पुढच्या तपासणीत वजन वाढलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या तपासणीत कमी झालं होतं. उंचीची रेघ जागच्या जागी. केस कंगव्यात यायला लागले, पायऱ्या पुन्हा बंद झाल्या. फिटमुळे नाही, दमते म्हणून. रक्तात प्रथिनं कमी दाखवली. डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली आणि विचारलं, "सगळं संपवते ना ती? की उरतं?"

"काही उरत नाही."

"नाही, म्हणजे कधी कधी आईला वाईट वाटतं. मूल नको म्हणालं की आई जबरदस्ती करत नाही. त्यात काही चूक नाही, पण आम्हाला खरं सांगायचं."

मी खरं सांगितलं होतं. त्यांनी लिहून घेतलं, पण ते पटल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. घरी परत येताना रिक्षात मिस्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तू मोजतेस ते बरोबरच असणार. पण एकदा मी बघू का?"

ते रविवारी सकाळी ओट्यापाशी उभे राहिले. एक स्टीलची वाटी घेतली आणि काट्यावर ठेवली. उचलली. परत ठेवली. मधोमध ठेवली, कडेला ठेवली. काटा खिडकीजवळ नेला, जमिनीवर ठेवला. सेल बदलून बघितले. दर वेळी एकच आकडा, एका ग्रॅमचाही फरक नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काटा एकदम पक्का आहे," ते म्हणाले. "म्हणजे प्रश्न दुसराच काहीतरी आहे."

दुसरा प्रश्न म्हणजे काय, यावर आम्ही पुढचे काही आठवडे घालवले. जंत असतील. पोटात शोषलं जात नसेल. आणखी एखादा आजार असेल. रक्त काढलं, शौच तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. सुई बघून ती आता रडायचीसुद्धा नाही, नुसता हात पुढे करायची. आत्या मात्र एकच बोलत राहिल्या, आता माझ्याकडे न बघता, भिंतीशी बोलल्यासारखं: "पोर उपाशी हाय. दुसरं काय बी न्हाय. पोर उपाशी हाय."

एकदा माझा तोल गेला. मी म्हणाले, "मी तिला उपाशी ठेवते असं म्हणायचंय का तुम्हाला?"

त्या दचकल्या. "तुला कुटं म्हनती मी? पर पोर उपाशी हाय की."

शेवटी आहाराच्या मॅडमनीच फोन केला. सगळ्या तपासण्या ठीक आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना तुमचा काटा घेऊन या. मी हे आधीच सांगायला हवं होतं."

मी काटा टॉवेलात गुंडाळून नेला. त्यांच्या खोलीत टेबलावर ठेवला. त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. हॉस्पिटलचे काटे तपासायची वजनं होती तिच्यात, चकचकीत, बोट लागू नये म्हणून चिमट्याने उचलायची. त्यांनी शंभर ग्रॅमचं वजन आमच्या काट्यावर ठेवलं.

एकशे अठरा.

त्यांनी ते उचललं, शून्य आलेलं बघितलं, पुन्हा ठेवलं. एकशे अठरा. पुन्हा. एकशे अठरा. मग पन्नासचं ठेवलं: एकोणसाठ. दोनशेचं ठेवलं: दोनशे छत्तीस. मुलगी खुर्चीत पाय हलवत बसली होती. मग त्यांनी तीच वजनं स्वतःच्या काट्यावर ठेवून दाखवली. शंभरला शंभर, पन्नासला पन्नास, दोनशेला दोनशे.

"पण तो कधीच चुकत नाही," मी म्हणाले. "आम्ही कितीदा तपासला. दर वेळी तेच दाखवतो."

"तेच दाखवतो, हो," त्या म्हणाल्या. "पण तेच चुकीचं दाखवतो. पुन्हा पुन्हा एकच आकडा येणं ही एक गोष्ट आणि तो आकडा खरा असणं ही दुसरी. तुम्ही पहिली तपासलीत. दुसरी घरात तपासताच येत नाही ताई. त्यासाठी बाहेरचं, खात्रीचं वजन लागतं. वाटीचं खरं वजन किती हे तुम्हाला काट्यानेच सांगितलं होतं ना? मग वाटी काट्याला कशी पकडणार?"

माझी आई ब्लाउज शिवायची. तिची मापाची टेप वापरून वापरून ताणली गेली होती, हे मला त्या क्षणी आठवलं. तिचं कधी काही बिघडलं नाही, कारण अंगाचं मापही ती त्याच टेपने घ्यायची आणि कापडही त्याच टेपने कापायची. मग एका बाईने दुसरीकडे घेतलेली मापं लिहून पाठवली, आणि तो ब्लाउज कुणाच्याच अंगाला बसेना. आई चिडून म्हणाली होती, बाईने मापंच चुकीची दिली.

काटा शंभर म्हणायचा तेव्हा खरे पंचाऐंशीच असायचे. चाळीस ग्रॅम पनीर म्हणून मी जे इतके महिने देत होते, ते चौतीस होतं. मलई, लोणी, अंडं, भाजी, सगळं तसंच. मी कण काढून काढून अचूक केलेलं. फक्त तेल पुरेपूर जात होतं, कारण ते काट्यावर चढतच नव्हतं. मी मॅडमसमोर रडले नाही. मुलीला उचलून घेतलं. ती उचलायला सोपी होती.

घरी आत्यांना सांगितलं. मला वाटलं त्या म्हणतील, मी म्हणतच होते. त्यांनी मुलीला मांडीवर घेतलं आणि पदराने स्वतःचं तोंड झाकलं. "मला नको व्हतं गं खरं व्हायला," एवढंच म्हणाल्या.

नवा काटा घेतला. तो आधी मॅडमकडे नेऊन त्या वजनांवर तपासला, मग वापरला. ताटली दिसायला फार बदलली नाही. पनीरचे दोन चौकोन जास्त, मलई थोडी वर. मुलीच्या तोंडावर दोन-तीन आठवड्यांत फरक पडला. ओठांना रंग आला. वजन वाढलं. आणि फिट परत आल्या.

सुरुवातीला एक, दुपारी, दप्तर उचलताना. आम्ही म्हटलं, ताप असेल. मग दोन. मग ती रोज पडू लागली. पट्ट्यांचा जांभळा रंग फिका होत गुलाबीवर आला.

मॅडमनी कागदावर सगळं मांडलं. जुन्या काट्याने मुलगी खरोखर काय खात होती ते त्यांनी पहिल्या दिवसापासून काढलं. "काटा प्रत्येक वेळी सारखाच चुकला, म्हणून हे काढता येतं," त्या म्हणाल्या. "प्रत्येक आकड्याला एक पॉइंट अठराने भागायचं. तो कधी जास्त, कधी कमी दाखवत असता तर तिने काय खाल्लं ते आपल्याला कधीच कळलं नसतं." तेल पूर्ण आणि बाकी सगळं कमी, त्यामुळे प्रत्यक्षात तिचं प्रमाण तीनास एक नव्हतंच. साडेतीनास एकच्या आसपास होतं. आम्ही ज्याला तीनास एकचा गुण समजत होतो तो दुसऱ्याच आहाराचा होता.

"मग साडेतीन करा," मिस्टर म्हणाले.

"करू. पण प्रथिनं कापून नाही. ती पूर्ण द्यायची आणि चरबी वाढवायची."

म्हणजे आणखी तेल. मुलीला ते जाईना. पनीर तेलात तरंगायचं. ती तोंडात धरून बसायची, गिळायची, आणि अर्ध्या तासाने सगळं बाहेर. ओकलेलं किती आणि पोटात राहिलेलं किती हे कुठल्याच काट्यावर तोलता येत नाही. फिट थोड्या कमी झाल्या. पहिल्यासारख्या नाहीत.

मी मॅडमना विचारलं, "तेव्हा आराम कशाने पडला होता? प्रमाणाने, की ती उपाशी होती म्हणून?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कमी खाण्यानेही शरीर चरबी जास्त जाळतं. दोन्हींचा हात असेल. किती कशाचा, ते मला सांगता येणार नाही. खोटं सांगत नाही ताई."

त्या आठवड्यात एका सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आले तर ओट्यावर जुना काटा होता. मी तो माळ्यावर टाकला होता. मिस्टर त्यावर वाटी ठेवून उभे होते.

"काय करताय?"

"याच्यावर ती पडत नव्हती," ते म्हणाले.

"याच्यावर ती उपाशी होती."

"मला माहितीय. मला सगळं माहितीय." त्यांनी शून्याचं बटण दाबलं. "पण आठवड्यातून एकदाच पडायची. जिना उतरली होती ती. तुला आठवत नाही का? जिना उतरली होती."

"तिचे केस जात होते. तिची वाढ थांबली होती."

"आणि आता? काल पुन्हा टाके पडले. केस परत येतात. डोक्यावर आपटून आपटून तिचं काय होईल ते परत येणार आहे का?"

त्यांच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं, हाच सगळा त्रास होता. आम्ही दोघं ओट्याच्या दोन बाजूंना उभे होतो, आणि आतल्या खोलीत ती जागी झाल्याचा आवाज येत होता. मी वाटी उचलली. त्यांनी अडवलं नाही. ते तिथेच फरशीवर बसले, ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यांत, आणि भिंतीला डोकं टेकून म्हणाले, "मला सांग, बरोबर मोजून आपण काय मिळवलं?"

मी तरीही मॅडमना फोन करून विचारलं. लाज सोडून विचारलं. मुद्दाम कमी दिलं तर? त्यांनी आधी तिचं आताचं वजन विचारलं. मग म्हणाल्या, "वाढत्या मुलीला जाणूनबुजून प्रथिनं कमी देण्याचा आहार मी लिहून देणार नाही. हृदयावर, हाडांवर काय होतं ते मी बघितलंय. नकळत झालं ते झालं."

आम्ही आणखी काही महिने ओढले. मग डॉक्टरांनीच आहार बंद करायचं ठरवलं. तोही एकदम सोडता येत नाही. तेल टप्प्याटप्प्याने कमी करायचं, भात घासाघासाने वाढवायचा. ज्या दिवशी तिला पहिल्यांदा पोटभर वरण-भात मिळाला त्या दिवशी तिने वर बघून विचारलं, "हे सगळं माझं?" आत्या उठून गॅलरीत गेल्या.

आता ती पुन्हा नुसत्या गोळ्यांवर आहे, नव्या एकीची भर घालून. डॉक्टर एका ऑपरेशनबद्दल बोलतात, पुण्यात होतं ते. "काही मुलांना फायदा होतो," असं म्हणतात. यावेळी आम्ही ते ऐकलं. मिस्टर आणि मी त्या सकाळबद्दल कधी बोललो नाही. ते तिला अंघोळ घालतात, वेणी घालतात. वेणी आता जाड येते. कधी ते तिच्या केसांतून हात फिरवताना थांबतात आणि मी दुसरीकडे बघते. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला ठाऊक असतं, कारण माझ्याही डोक्यात तेच चाललेलं असतं: या केसांच्या बदल्यात काय गेलं.

काल दुपारी ती जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. शेजारी मी शेंगा सोलत होते. तिची मान गेली, मी हात घातला, डोकं माझ्या तळहातावर आलं. काही वेळाने तिने डोळे उघडले. खडू तिच्या गालाला लागून हिरवी रेघ उमटली होती.

"मी झोपले होते का गं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि तिने खडू शोधायला सुरुवात केली.